व्हेंडर रिव्ह्यूचे मिनिट्स असे लिहा की पेनल्टी "चर्चेत" विरून जाणार नाही

फेब्रुवारीत एक दिवस फायनान्सच्या मुलाचा फोन आला, मॅडम गेल्या जूनमध्ये कॅबवाल्याला पेनल्टी लावली होती का, क्रेडिट नोट सापडत नाहीये. मी त्या महिन्याचे मिनिट्स उघडले. त्यात माझ्याच हाताने लिहिलेलं होतं: "ओटीए कमी असल्याबद्दल पेनल्टीवर चर्चा झाली. व्हेंडरने सुधारणेचं आश्वासन दिलं." बास. ओटीए म्हणजे वेळेवर पोचलेल्या फेऱ्यांची टक्केवारी, पण किती पेनल्टी, ठरली की नाही, माफ केली तर कुणी केली, काहीच नाही. मीटिंगमध्ये बसलेल्या सहापैकी दोघे कंपनी सोडून गेलेले, आणि उरलेल्या चौघांना चार वेगवेगळ्या गोष्टी आठवत होत्या. व्हेंडरच्या शेठना विचारलं तर ते शांतपणे म्हणाले, "ते तर तेव्हाच मिटलं ना मॅडम."

तेव्हापासून मी एकच नियम धरलाय. काय घडलं, व्हेंडर काय म्हणाला आणि काय ठरलं, या तीन गोष्टी मिनिट्समध्ये कधीच एका वाक्यात येऊ द्यायच्या नाहीत. खाली त्याच्या पुढच्या वर्षीचा जून महिना घेते. हिंजवडीतली आमची कंपनी, एम्प्लॉयी ट्रान्सपोर्टचा तोच व्हेंडर (नाव राहू दे), आणि तो एक रिव्ह्यू आम्ही पहिल्यापासून शेवटपर्यंत कसा लिहिला ते. तुमचा व्हेंडर कँटीनचा असो की हाउसकीपिंगचा, सांगाडा हाच, एसएलए म्हणजे करारातली सेवेची टार्गेट्स तेवढी बदला.

आधी आकडा गोठवा, मग मीटिंग

मीटिंगमध्ये आकड्यावरून भांडण सुरू झालं की दीड तास त्यातच जातो आणि पेनल्टीचा विषय शेवटच्या पाच मिनिटांत "बघू नंतर" होतो. म्हणून आकडा आधीच मिटवायचा. आमच्याकडे ३ तारखेला मागच्या महिन्याचा डेटा काढतो, ४ तारखेला लेट फेऱ्यांची यादी ट्रिप नंबरसकट व्हेंडरला मेल करतो, त्याने ७ तारखेपर्यंत हरकती पाठवायच्या आणि ९ ला मीटिंग. हरकतीसुद्धा ट्रिप नंबरसकटच हव्यात, "पाऊस फार होता" ही हरकत नाही, ती तक्रार झाली.

इथे एक बारीक गोष्ट आहे जिच्यावर आमचे सुरुवातीचे तीन महिने गेले. गाडी "पोचली" म्हणजे नेमकी कधी? ड्रायव्हर ॲपमध्ये ट्रिप एंडचं बटण दाबतो ती वेळ एक, आणि गाडी गेटच्या जीपीएस हद्दीत शिरते ती वेळ दुसरी. काही ड्रायव्हर भूमकर चौकातच बटण दाबून मोकळे व्हायचे, ॲपच्या हिशोबाने गाडी वेळेत आणि माणसं मात्र वीस मिनिटांनी गेटवर. आमच्या करारात गेट हद्दीची वेळ धरलीय, लॉगिनच्या, म्हणजे शिफ्ट सुरू व्हायच्या, १० मिनिटं आधी गाडी आत आली तर वेळेवर, नाहीतर लेट. हे वाक्य मी दर महिन्याच्या मिनिट्समध्ये सगळ्यात वर टाकते, डेटा कुठून घेतला आणि कोणत्या तारखेला काढला त्यासकट. कंटाळवाणं वाटतं पण नंतर कुणी दुसरा रिपोर्ट काढून आणला आणि त्यात वेगळा आकडा निघाला तर हीच ओळ कामी येते.

ब्रीच, म्हणजे करारभंग, लिहिताना: आकडा, सूत्र आणि परिणाम

जूनमध्ये सकाळच्या आणि दुपारच्या मिळून १,३२० लॉगिन फेऱ्या झाल्या. त्यात सिस्टीमने १०६ लेट दाखवल्या, म्हणजे वेळेवर १,२१४, म्हणजे ओटीए ९१.९७ टक्के. करारातलं टार्गेट ९६. पेनल्टीचे टप्पे असे की ९६ च्या खाली पण ९४ किंवा वर असेल तर करपूर्व मासिक बिलाच्या २ टक्के, ९४ च्या खाली पण ९२ किंवा वर असेल तर ४, आणि ९२ च्याही खाली गेलं तर ६.

व्हेंडरने ४९ फेऱ्यांवर हरकत घेतली. ३१ मध्ये म्हणे कर्मचारीच उशिरा खाली आले, आणि १८ एका दिवशी रस्त्यावर पाणी भरल्यामुळे. आम्ही एकेक ट्रिप उघडून बघितली. ३१ पैकी १७ मध्ये गाडी पिकअप पॉइंटला वेळेत उभी होती आणि करारातल्या ३ मिनिटांपेक्षा जास्त थांबली होती हे जीपीएसवर दिसत होतं, ती मान्य. बाकी १४ मध्ये गाडीच उशिरा आलेली, मग कर्मचारी कितीला खाली आला याला अर्थच नाही. पावसाच्या १८ पैकी ११ मान्य, उरलेल्या ७ पहाटे साडेपाच-सहाच्या होत्या, तेव्हा रस्ता मोकळा होता आणि त्याच वेळी त्याच रस्त्याने आलेल्या दुसऱ्या गाड्या वेळेवर पोचल्या होत्या. म्हणजे मान्य २८, आणि लेट उरल्या ७८.

आता खरी गंमत. या २८ फेऱ्यांचं करायचं काय? त्या वेळेवर धरल्या तर १,३२० पैकी १,२४२ वेळेवर, ओटीए ९४.०९. आणि त्या हिशोबातूनच काढून टाकल्या तर १,२९२ पैकी १,२१४, ओटीए ९३.९६. फरक फक्त शून्य दशांश तेराचा, पण एक ९४ च्या वर आणि दुसरा खाली! १८,४०,००० च्या बिलावर २ टक्के म्हणजे ३६,८०० आणि ४ टक्के म्हणजे ७३,६००. आमच्या करारात "गणनेतून वगळाव्यात" असे शब्द आहेत, त्यामुळे दुसरा हिशोब लागू. पण करारात हे नसेल तर मीटिंगमध्ये कुणीतरी सोयीचा हिशोब करणार हे धरूनच चाला, आणि तुमच्याकडे नसेल तर पुढच्या रिन्यूअलला तो शब्द घालून घ्या. अजून एक, व्हेंडरच्या अकाउंटंटने मेलमध्ये "ओटीए ९४ टक्के" असं राउंड करून लिहिलं होतं. म्हणून मिनिट्समध्ये दोन दशांश आणि "राउंड केलेलं नाही" हे शब्द ठेवा.

ब्रीचच्या खाली परिणाम पण लिहायचा, हे मी आमच्या लीगलकडून शिकले. आपण सगळे पेनल्टी पेनल्टी म्हणतो पण कायद्याच्या नजरेत ती भरपाई असते. १८७२ च्या करार कायद्याच्या कलम ७४ प्रमाणे करारात लिहिलेली रक्कम ही वरची मर्यादा, त्याच्या आत वाजवी वाटेल तेवढी भरपाई मिळते, आणि सुप्रीम कोर्टाने २०१५ मध्ये कैलाश नाथ विरुद्ध डीडीए या केसमध्ये सांगितलंय की नुकसान झालेलं असणं लागतंच, फक्त ते आकड्यात सिद्ध करणं अवघड असेल तिथे करारातली रक्कम वाजवी अंदाज म्हणून धरता येते. म्हणजे उद्या वाद पेटला तर "टार्गेट चुकलं" एवढ्यावर भागत नाही. म्हणून आम्ही ऑपरेशन्सकडून आकडा घेऊन लिहिलं की या ७८ फेऱ्यांत मिळून २३१ कर्मचारी उशिरा पोचले आणि ६४ तासांचा लॉगिन लॉस झाला. एक ओळ, पण वजनदार.

मिनिट्समधली प्रत्यक्ष नोंद अशी होती:

> ब्रीच १, ओटीए. टार्गेट ९६.००, प्रत्यक्ष ९३.९६ टक्के (१,२९२ पैकी १,२१४, राउंड केलेलं नाही). डेटा: गेट हद्दीची जीपीएस वेळ, ३ जुलैला काढलेला रिपोर्ट. व्हेंडरच्या ४९ हरकतींपैकी २८ मान्य, २१ अमान्य, ट्रिपनिहाय कारणं जोडपत्र अ मध्ये. परिणाम: २३१ कर्मचारी, ६४ तास लॉगिन लॉस.

"व्हेंडरचा परफॉर्मन्स समाधानकारक नव्हता" असलं काही त्यात नाहीये बघा. समाधान कुणाचं, किती, हे कुणाला विचारणार?

एस्कॉर्टचा ब्रीच वेगळा लिहायचा

हा टक्केवारीत बसत नाही. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकानं आणि आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊ ते सकाळी सात या वेळेत महिलांकडून काम घ्यायचं तर त्यांची संमती, पुरेसं संरक्षण आणि ऑफिसपासून घराच्या दारापर्यंत वाहतूक ही जबाबदारी मालकावर, म्हणजे आमच्या कंपनीवर आहे, व्हेंडरवर नाही. म्हणून करारात एस्कॉर्ट गार्डसाठी शून्य चूक असं लिहिलंय आणि प्रत्येक घटनेला ५,००० रुपये.

जूनमध्ये अशा दोन घटना. १२ जूनला रात्री १.१० ची गाडी गार्डशिवायच सुटली, यात वाद नव्हता. २४ जूनला गार्ड होता पण तो वाकडला उतरून गेला आणि एका महिला कर्मचाऱ्याचा थेरगावचा स्टॉप अजून बाकी होता. शेठ म्हणाले, "गार्ड होता की गाडीत, घटना कसली?" करारात "शेवटची महिला कर्मचारी घरी पोचेपर्यंत" असं आहे, ते वाचून दाखवलं आणि विषय संपला. पण मिनिट्समध्ये त्यांचं म्हणणं लिहिलंच, आणि त्याखाली कलमाचा नंबर टाकून ते अमान्य का ते लिहिलं. व्हेंडरचं म्हणणं गाळलं की तो नंतर म्हणतो आमचं ऐकूनच घेतलं नाही, आणि मग सगळे मिनिट्सच एकतर्फी दिसायला लागतात.

इथे एक काळजी घ्या. कर्मचाऱ्याचं नाव, घरचा पत्ता, मोबाइल यातलं काहीही मिनिट्समध्ये नको. हा कागद व्हेंडरच्या ऑफिसात जातो, तिथून ड्रायव्हरच्या सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवर जातो. ट्रिप नंबर पुरे. २४ तारखेची तक्रार त्या मुलीनेच हेल्पडेस्कला केली होती, आणि दुसऱ्या दिवशी तीच गाडी तिला न्यायला येणार होती.

आपली चूक पण लिहा, टाळू नका

व्हेंडरने मीटिंगमध्ये एक मुद्दा असा काढला की आमची खोली गप्प झाली. रोस्टर, म्हणजे कुणाला कधी न्यायचं-आणायचं ती यादी, आदल्या दिवशी संध्याकाळी ६ पर्यंत द्यायचं असं करारात आहे, आणि जूनमध्ये पाच दिवस ते उशिरा गेलं होतं, एकदा तर ८.४० ला. आमच्या ऑपरेशन्सचे साहेब म्हणाले, हे मिनिट्समध्ये नको. मी म्हटलं घालूया, कारण त्यांच्याकडे मेलची वेळ आहेच, आणि आपण लपवलेलं एक जरी सापडलं तर बाकीच्या २१ अमान्य हरकतींवर पण कोण विश्वास ठेवेल?

लिहायची पद्धत मात्र सांभाळायची. "रोस्टर उशिरा दिल्यामुळे गाड्या लेट झाल्या" असं लिहिलं तर सगळ्या पेनल्टीवर पाणी पडलं. आम्ही त्या पाच दिवसांच्या दुसऱ्या दिवशीच्या फेऱ्या वेगळ्या काढून बघितल्या, उरलेल्या ७८ पैकी ६ त्या दिवसांतल्या होत्या आणि या सहाही फेऱ्यांच्या गाड्या आणि ड्रायव्हर वेळेत नेमले गेले होते. तेच लिहिलं: रोस्टर ५ दिवस उशिरा गेलं हे कंपनीला मान्य, त्या दिवसांतल्या ६ लेट फेऱ्या तपासल्या, नेमणूक वेळेत झाली होती म्हणून वगळल्या नाहीत. नेमणुकीलाच उशीर झालेला निघाला असता तर त्या वगळाव्याच लागल्या असत्या, आणि वगळल्या पण असत्या.

पेनल्टी: मोजली, मागितली, ठरली

"पेनल्टीवर चर्चा झाली" हे वाक्य तुमच्या फॉरमॅटमधून कायमचं काढून टाका. पेनल्टीची प्रत्येक नोंद तीन पायऱ्यांत लिहायची, हिशोबाने किती होते, व्हेंडरची त्यावर विनंती काय, आणि निर्णय काय, कुणाचा. निर्णय त्या दिवशी झाला नसेल तर कोण देणार, कधीपर्यंत देणार आणि तोपर्यंत काय लागू राहणार. हा शेवटचा भाग सगळे विसरतात. तोपर्यंत काय लागू हे लिहिलं नाही की बिल पास करणारा माणूस आपल्या मनाने ठरवतो, आणि बहुतेक वेळा तो पूर्ण बिल पास करतो कारण त्याला झंझट नको असते.

आमच्या केसमध्ये ओटीएचे ७३,६०० आणि एस्कॉर्टचे १०,००० मिळून ८३,६००. करारात महिन्याची कमाल मर्यादा बिलाच्या १० टक्के, म्हणजे १,८४,०००, त्याच्या आत आहे हे पण एका ओळीत लिहिलं. शेठनी नेहमीप्रमाणे सुरुवात केली, "मॅडम पावसाचा महिना आहे, डिझेल बघा कुठे गेलंय, यावेळी सांभाळून घ्या." आणि ऑपरेशन्सचे साहेब मान हलवत म्हणाले, ठीक आहे बघू, निम्मी करू. इथेच गोची होते. साहेबांना माफ करायचा अधिकारच नाही, करारात तो प्रोक्युरमेंट हेडकडे आहे. पण पन्नास लोकांनी ऐकलेला "निम्मी करू" हा शब्द व्हेंडर पुढच्या महिन्यात नक्की काढणार. म्हणून मी मीटिंगमध्येच मोठ्याने वाचून दाखवत लिहिलं (पन्नास नव्हते हो, आठच होतो):

> व्हेंडरने ओटीए पेनल्टी ७३,६०० पैकी निम्मी माफ करण्याची विनंती केली. माफीचा अधिकार प्रोक्युरमेंट हेड यांचा. निर्णय १४ जुलैपर्यंत लेखी. तोपर्यंत ८३,६०० पूर्ण लागू. मीटिंगमध्ये व्यक्त झालेली इतर मतं म्हणजे निर्णय नव्हे.

शेवटचं वाक्य वाचताना साहेबांनी माझ्याकडे बघितलं, पण काही बोलले नाहीत. १४ तारखेला माफी नाही असा मेल आला. आणि समजा माफी दिली असती तरी "फक्त जून महिन्यापुरती, पुढच्या महिन्यांना लागू नाही" हे शब्द लागलेच असते, कारण दोन-तीन महिने सलग सोडून दिलं की व्हेंडर म्हणतो तुम्ही तर हे कलम वापरतच नाही.

आणखी एक मोह असतो, करारात नसलेली पेनल्टी लावायचा. त्याच महिन्यात तपासणीत तीन गाड्यांची पीयूसी संपलेली निघाली. ऑपरेशन्सचं म्हणणं, लावा गाडीमागे दोन हजार. आमच्या करारात कागदपत्रांसाठी पैशाची पेनल्टी नाही, फक्त कागद पूर्ण होईपर्यंत गाडी बंद ठेवायचा अधिकार आहे. मग तेच लिहिलं, तीन गाड्या त्या दिवसापासून बंद, पीयूसीची कॉपी आल्यावर चालू. मनाने लावलेला एक आकडा मिनिट्समध्ये आला की करारातल्या खऱ्या पेनल्ट्यांनाही तोच रंग चढतो.

रक्कम नेहमी करपूर्व लिहा. ती क्रेडिट नोटने येणार की आपण डेबिट नोट काढणार आणि त्यावर जीएसटी कसा बसणार हे अकाउंट्सला ठरवू द्या, मिनिट्समध्ये आपण करांचं गणित करायला जाऊ नये.

कबुली: "सुधारणा करू" ला तारीख लावून काही होत नाही

"व्हेंडर ३१ जुलैपर्यंत ओटीए सुधारेल." तारीख आहे, पण कबुली नाही, कारण ३१ ला तुम्ही काय तपासणार? कबुलीत काय करणार, कोण करणार, कधीपर्यंत आणि झालं हे कशावरून कळणार, हे चारही पाहिजेत. आणि त्याच्याही आधी कारण पाहिजे, नाहीतर व्हेंडर जी गोष्ट सोपी आहे ती कबूल करतो, उदाहरणार्थ ड्रायव्हरांचं ट्रेनिंग. ट्रेनिंग हे व्हेंडरांचं आवडतं उत्तर आहे, दर महिन्याला देता येतं.

आम्ही ७८ लेट फेऱ्या ड्रायव्हरनिहाय लावल्या तेव्हा दिसलं की ४६ फेऱ्या फक्त ११ ड्रायव्हरांच्या आहेत. आणि हे अकराही जण रात्रीचा ड्रॉप करून परत सकाळचा पिकअप करत होते. एकाचा तर रात्री अडीचला शेवटचा ड्रॉप आणि सव्वापाचला पहिला पिकअप, माणूस झोपणार कधी? म्हणजे ट्रॅफिक, पाऊस, भूमकर चौक हे सगळं बाजूला राहिलं, मूळ रोग ड्रायव्हर कमी असण्याचा. आणि हा नुसता उशिराचा विषय नाही, झोप न झालेला ड्रायव्हर पहाटे हायवेला गाडी चालवतोय. शेठनी आधी नाही म्हटलं, मग ड्युटी शीट समोर ठेवल्यावर म्हणाले, "मुलं मिळत नाहीत हो मॅडम." ते खरंही असेल.

त्यावरून कबुल्या अशा लिहिल्या गेल्या:

> क १. रात्री १ नंतर ड्रॉप संपलेल्या ड्रायव्हरला त्याच सकाळी पिकअप नाही. १० जुलैपासून. जबाबदार: व्हेंडरचे ऑपरेशन्स मॅनेजर. पुरावा: रोजची ड्युटी शीट सकाळी ११ पर्यंत हेल्पडेस्कला.
>
> क २. ६ नवे ड्रायव्हर, ३१ जुलैपर्यंत. जबाबदार: व्हेंडरचे मालक. पुरावा: लायसन्स, बॅज आणि पोलीस व्हेरिफिकेशनच्या कॉपी, आणि प्रत्येकाची निदान एक पूर्ण झालेली फेरी.
>
> क ३. ४ स्टँडबाय गाड्या, सकाळी ५.३० ते ९, फेज २ च्या गेटजवळ, १५ जुलैपासून. जबाबदार: व्हेंडरचे ऑपरेशन्स मॅनेजर. पुरावा: रोज सकाळी ६ चं जीपीएस लोकेशन.
>
> क ४. एस्कॉर्ट गार्डचं चढणं-उतरणं ॲपमध्ये ओटीपीने, २० जुलैपासून. जबाबदार: व्हेंडरचे ऑपरेशन्स मॅनेजर. पुरावा: आठवड्याचा रिपोर्ट.
>
> क ५, कंपनीची. रोस्टर रोज संध्याकाळी ६ ला लॉक, १० जुलैपासून. जबाबदार: ट्रान्सपोर्ट हेल्पडेस्क. पुरावा: मेलची वेळ.

क २ मधलं "निदान एक पूर्ण झालेली फेरी" हे मुद्दाम आहे. आधी एकदा आम्हाला सहा लायसन्सच्या कॉपी आल्या होत्या आणि त्यातले चार ड्रायव्हर दुसऱ्याच कंपनीच्या ड्युटीवर होते. कागद येतो, माणूस येत नाही.

नावांऐवजी पदं लिहायची की नावं, यावर मतं वेगळी आहेत. मी पद आणि त्या दिवशी हजर असलेल्याचं नाव हजेरीच्या यादीत, असं करते, कारण व्हेंडरकडे मॅनेजर दर सहा महिन्यांनी बदलतो आणि नवा आला की म्हणतो ते आधीच्यांनी कबूल केलं होतं.

मग व्हेंडर म्हणाला, एकदम ९६ कसं गाठणार, जुलैला ९५ धरा. हरकत नाही, टप्प्याने सुधारणं खरंच व्यवहार्य असतं. पण इथे मिनिट्स लिहिणाऱ्याचा हात थरथरला पाहिजे! नुसतं "जुलैचं लक्ष्य ९५" लिहिलं तर करारातलं टार्गेट तुम्ही स्वतःच खाली आणलं असं उद्या कुणी म्हणू शकतं. आम्ही लिहिलं: जुलै ९५, ऑगस्ट ९६, हे प्रगती मोजण्याचं अंतरिम लक्ष्य आहे, करारातलं टार्गेट आणि पेनल्टीचे टप्पे बदललेले नाहीत.

पाठवणं, सही आणि पंधरा दिवसांचं घड्याळ

मीटिंग ९ ला, मिनिट्स १० ला गेले पाहिजेत, फार तर ११ ला. जितके दिवस जातील तितकी प्रत्येकाची आठवण आपापल्या बाजूला झुकते. मेलमध्ये लिहायचं की तीन कामाच्या दिवसांत हरकत कळवा. "हरकत आली नाही तर मान्य समजू" हे वाक्य सगळे टाकतात, पण करारात तशी तरतूद नसेल तर नुसत्या गप्प बसण्यावर फार भरवसा ठेवू नका. मी व्हेंडरकडून एका ओळीचा रिप्लाय घेतेच, "मिनिट्स मिळाले, ओके", आणि तो व्हेंडरच्या अधिकृत मेलवरून, सुपरवायझरच्या व्हॉट्सॲपवरच्या अंगठ्यावर नाही. हरकत आली तर मूळ मजकूर खोडायचा नाही, खाली "व्हेंडरची हरकत, तारीख अमुक" म्हणून जोडायची.

बऱ्याच ॲडमिनच्या लोकांना माहीत नसलेली एक गोष्ट. कॅबवाला, हाउसकीपिंगवाला, असे आपले बरेच व्हेंडर सूक्ष्म किंवा लघु उद्योग म्हणून उद्यम नोंदणी असलेले असतात. त्यांना २००६ चा एमएसएमई विकास कायदा लागतो. त्यात सेवा मिळाल्यापासून १५ दिवसांत तुम्ही लेखी हरकत घेतली नाही तर सेवा स्वीकारली असं मानलं जातं, आणि पेमेंटचं घड्याळ सेवा मिळाली त्या दिवसापासूनच चालू होतं, करारात काहीही लिहिलं असलं तरी कमाल ४५ दिवस. नंतर उशीर झाला तर रिझर्व्ह बँकेच्या बँक रेटच्या तिप्पट दराने, महिन्याच्या चक्रवाढीने व्याज. याचा अर्थ करारातली पेनल्टी मागायचा हक्क लगेच गेला असा नाही, पण ऑगस्टच्या शेवटी जागे होऊन "जूनच्या सेवेबद्दल वाद आहे म्हणून पेमेंट थांबवलंय" म्हणालात तर ते फार लंगडं दिसतं. जूनची सेवा ३० ला संपली, म्हणजे १५ जुलैच्या आत लेखी काहीतरी गेलेलं हवं. आमचं ३, ४, ७, ९ तारखांचं वेळापत्रक याच हिशोबाने बसवलंय, ४ तारखेची यादी ही पहिली लेखी हरकत आणि मिनिट्स ही दुसरी.

आणि पेनल्टीचा वाद आहे म्हणून पूर्ण बिल अडवायचं नाही. १८,४०,००० मधून ८३,६०० बाजूला ठेवून १७,५६,४०० करपूर्व रक्कम पास केली, आणि हे दोन्ही आकडे मिनिट्सच्या शेवटी अकाउंट्ससाठी वेगळ्या ओळीत लिहिले. फेब्रुवारीत फोन करणाऱ्या त्या मुलाला आता फोन करायची गरज पडत नाही, तो तेवढीच ओळ वाचतो. ऑडिटवाले पण तेच मागतात, आयएसओ ९००१ च्या ८.४ कलमाखाली बाहेरच्या पुरवठादाराचा परफॉर्मन्स तपासल्याचा पुरावा दाखवा म्हणतात, तेव्हा हे मिनिट्स आणि जोडपत्र अ समोर ठेवलं की दहा मिनिटांत मोकळे.

पुढची मीटिंग जुन्या कबुल्यांपासून

ऑगस्टच्या मीटिंगमध्ये पहिला विषय नवे आकडे नाहीत, क १ ते क ५. जुलैचा ओटीए ९५.१२ आला. शेठ खुश होते, लक्ष्य ९५ होतं, गाठलं, मग पेनल्टी कसली? अंतरिम लक्ष्याची ती ओळ वाचून दाखवली, ९६ च्या खाली म्हणून २ टक्के लागले. वाद पाच मिनिटांत संपला, आणि सुधारणा झाली हेही तितक्याच स्पष्टपणे लिहिलं, ते त्यांचं हक्काचं होतं.

क १, क ३, क ४ पुरावा बघून बंद केले. आमची क ५ बंद करता आली नाही, जुलैत दोन दिवस रोस्टर परत उशिरा गेलं, ती उघडीच ठेवली. क २ मध्ये सहापैकी चार ड्रायव्हर आले होते. इथे एक सवय लावून घ्या, जुनी तारीख पुसून नवी टाकायची नाही. "मूळ तारीख ३१ जुलै, ६ पैकी ४ पूर्ण, सुधारित तारीख २० ऑगस्ट, कारण: दोघांचं पोलीस व्हेरिफिकेशन बाकी, पहिली मुदतवाढ." तिसऱ्या मुदतवाढीला प्रोक्युरमेंट हेडकडे एस्कलेट करायचं हे आमच्या गव्हर्नन्सच्या कलमात आहे, आणि ती तिसरी आहे हे मोजता येतं ते फक्त पहिल्या दोन तारखा कागदावर तशाच राहिल्या तरच. त्यातल्या एकाचं व्हेरिफिकेशन १८ ला आलं. दुसऱ्याची अजून वाट बघतोय, क २ च्या पुढे आता दोन तारखा आहेत.